त्रिकोण, अर्धवर्तुळ आणि समाकल

मे २०१२ मध्ये अमेरिकेतील शाळकरी मुलांनी ‘एपी कॅल्क्युलस एबी’ ही परीक्षा दिली. बारावीच्या वयाची मुले कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे गणित आधीच शिकून ही परीक्षा देतात, आणि तिकडच्या मराठी घरांतली मुलेही त्यात असतात. त्या वर्षीच्या लेखी उत्तरांच्या भागातला तिसरा प्रश्न एका चित्रावर होता. कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी नव्हती. f या फलाचा आलेख काढून दिला होता, पण f चे सूत्र कुठेही दिले नव्हते. तरीही त्याचे निश्चित समाकल, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेले ‘डेफिनिट इंटिग्रल’, काढायला सांगितले होते.

सूत्र नाही म्हटल्यावर पुष्कळ विद्यार्थी गडबडतात. समाकल म्हणजे सूत्राला उलटे फिरवायचे, मग वरची सीमा घालायची, खालची घालायची आणि वजाबाकी करायची, असे हाताला वळण पडलेले असते. पण ही समाकल काढण्याची एक रीत झाली. समाकल मुळात आहे ते क्षेत्रफळ: आलेख आणि X-अक्ष यांच्यामध्ये सापडलेल्या जागेचे. फक्त त्या क्षेत्रफळाला चिन्ह असते. आलेख अक्षाच्या वर असेल तिथे क्षेत्रफळ अधिक धरायचे, खाली असेल तिथे उणे. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही रकाने वेगळे लिहून शेवटी शिल्लक काढतात, तसाच हा हिशेब.

तो आलेख शब्दांत मांडता येतो, आणि वाचकाने चौकटीच्या कागदावर तो काढून घेतला तर पुढचे सगळे सोपे जाईल. पहिला रेषाखंड (−४, १) पासून (−२, ३) पर्यंत वर चढतो. तिथून दुसरा रेषाखंड झपकन खाली उतरून (−१, ०) या बिंदूत अक्षाला मिळतो. पुढे −१ ते १ या पट्ट्यात आरंभबिंदू केंद्र मानून काढलेले, १ त्रिज्येचे अर्धवर्तुळ अक्षाच्या खाली लोंबते. शेवटचा रेषाखंड (१, ०) पासून (३, −१) पर्यंत हळूहळू खाली जातो. असे तीन रेषाखंड आणि एक अर्धवर्तुळ.

प्रश्नात g नावाचे दुसरे फल होते: g(x) म्हणजे १ पासून x पर्यंतचे f चे समाकल. त्यातून g(२) आणि g(−२) या दोन किमती काढायच्या होत्या.

g(२) साठी १ ते २ एवढाच पट्टा पाहायचा. तिथे शेवटच्या रेषाखंडाने अक्षाखाली एक बारीक त्रिकोण तयार केला आहे. त्याचा पाया १. उंची किती? हा रेषाखंड दोन एकके पुढे जाताना एक एकक खाली उतरतो, म्हणजे एक एकक पुढे गेल्यावर अर्धे एकक. त्रिकोणाचे क्षेत्रफळ निम्मे पाया गुणिले उंची, म्हणजे १/४. त्रिकोण अक्षाच्या खाली आहे, म्हणून g(२) = −१/४. इथे घाईत होणारी चूक म्हणजे (३, −१) हा टोकाचा बिंदू डोळ्यांत भरतो आणि उंची १ धरली जाते. ज्या x पाशी थांबायचे, त्या x वरची उंची घ्यायची, रेषाखंडाच्या टोकाची नाही.

g(−२) मध्ये खरी परीक्षा आहे. समाकल १ पासून −२ पर्यंत, म्हणजे उजवीकडून डावीकडे घ्यायचे आहे. आधी ते सरळ दिशेने काढू. −२ ते −१ या पट्ट्यात अक्षाच्या वर त्रिकोण आहे: पाया १, उंची ३, क्षेत्रफळ ३/२. −१ ते १ मध्ये अर्धवर्तुळ आहे: त्रिज्या १, क्षेत्रफळ π/२, आणि ते खाली असल्यामुळे उणे. तेव्हा −२ ते १ चे समाकल ३/२ − π/२. आता दिशा उलटी आहे, म्हणून संपूर्ण उत्तराचे चिन्ह बदलायचे: g(−२) = π/२ − ३/२, सुमारे ०.०७.

या एका उत्तरात उणे चिन्ह दोनदा येते, दोन निरनिराळ्या कारणांनी. पहिले अर्धवर्तुळ अक्षाच्या खाली असल्याचे, दुसरे सीमा उलट्या असल्याचे. विद्यार्थी दोन्ही एकाच झटक्यात डोक्यात करायला जातो आणि एक कुठेतरी गळते. त्यावर उपाय साधा आहे. क्षेत्रफळे आधी चिन्हाशिवाय लिहावीत, मग वर-खाली पाहून चिन्ह द्यावे, आणि सीमांची दिशा अगदी शेवटी बघावी. या क्रमाने केले की चिन्ह चुकायला जागा राहत नाही.

संपूर्ण आलेखाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. −४ ते −२ या पट्ट्यात समलंब चौकोन आहे. त्याच्या समांतर बाजू १ आणि ३, रुंदी २, म्हणून क्षेत्रफळ ४. त्यात त्रिकोणाचे ३/२ मिळवा, अर्धवर्तुळाचे π/२ वजा करा, शेवटच्या त्रिकोणाचे (पाया २, उंची १) क्षेत्रफळ १ वजा करा. −४ ते ३ चे समाकल आले ९/२ − π/२, सुमारे २.९३. चिन्हे विसरून सगळी जागा मोजली असती, तर उत्तर ८.०७ आले असते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ‘समाकल काढा’ म्हटले की पहिला, ‘आलेख व अक्ष यांमधील एकूण क्षेत्रफळ काढा’ म्हटले की दुसरा.

त्या प्रश्नात आणखी एक सुंदर जागा होती. g चा आलेख कुठे आडवा होतो आणि तिथे शिखर आहे की दरी, असे विचारले होते. f शून्य होतो −१ पाशी आणि १ पाशी. −१ च्या डावीकडे f अधिक आहे, म्हणजे g वाढत आला. उजवीकडे f उणे, म्हणजे g घटू लागला. तिथे शिखर. १ पाशी मात्र f नुसता शून्याला टेकतो आणि पुन्हा खालीच जातो. g आधी घटत होता, नंतरही घटतच राहिला. तिथे शिखर नाही, दरीही नाही. एकही सूत्र न लिहिता, आलेख अक्षाच्या कोणत्या बाजूला आहे एवढे पाहून हे कळते.

परीक्षकांना रेषाखंडांबरोबर अर्धवर्तुळच का आवडते? त्या तुकड्याचे सूत्र लिहायचे तर −√(१ − x²) येते. त्याचे समाकल नेहमीच्या रीतीने काढायला x = sin θ असे मानावे लागते, मग cos²θ चे रूपांतर, मग सीमा बदलणे. पाच-सहा ओळी सहज जातात. भूमितीत तेच काम एका ओळीत होते. चित्र पाहून विचार करणारा मुलगा आणि यंत्रासारखा सूत्र चालवणारा मुलगा यांतला फरक अशा प्रश्नात लगेच दिसतो, आणि हा प्रश्न त्यासाठी अगदी योग्य आहे.

यावर एखादा चोखंदळ वाचक शंका घेईल. वर्तुळाचे क्षेत्रफळ πr² हे बारावीत समाकलनानेच सिद्ध करतात ना? मग तेच क्षेत्रफळ वापरून समाकल काढणे म्हणजे गोल गोल फिरणे नाही का? नाही, कारण वर्तुळाचे क्षेत्रफळ समाकलनाच्या किती तरी आधीपासून माहीत आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सिद्ध केले होते की वर्तुळाचे क्षेत्रफळ एका काटकोन त्रिकोणाएवढे असते, ज्याची एक बाजू त्रिज्येएवढी आणि दुसरी परिघाएवढी. आपल्याकडे इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त निम्मा परीघ गुणिले निम्मा व्यास, हाच नियम दिला आहे. लायब्निट्सने समाकलाचे ∫ हे चिन्ह प्रथम लिहिले १६७५ साली. म्हणजे क्षेत्रफळ जुने आहे आणि समाकल त्या मानाने नवे.

आता सीमा जरा अडचणीच्या घेऊ. अर्धवर्तुळ पूर्ण घ्यायचे नाही, पावही नाही. वरच्या बाजूचे, १ त्रिज्येचे अर्धवर्तुळ घ्या आणि ० पासून १/२ पर्यंतचेच समाकल विचारा. आता πr² ला दोनाने किंवा चाराने भागून काम भागत नाही. इथे बहुतेक जण भूमिती सोडून सूत्राकडे धावतात. खरे तर भूमिती इथेच रंगते.

x = १/२ या उभ्या रेषेने वर्तुळाला जिथे छेदले, तो बिंदू P. त्याची उंची √३/२. केंद्रापासून P पर्यंत त्रिज्या काढा. त्या एका रेघेने पट्ट्याचे दोन तुकडे झाले. खाली एक काटकोन त्रिकोण: पाया १/२, उंची √३/२, क्षेत्रफळ √३/८. वर एक वर्तुळपाकळी: Y-अक्षावरची उभी त्रिज्या आणि P कडे जाणारी त्रिज्या यांच्यामधली. तिचा कोन ३०°, कारण त्याचा साइन १/२ आहे. ३०° म्हणजे पूर्ण वर्तुळाचा बारावा भाग, म्हणून क्षेत्रफळ π/१२. बेरीज π/१२ + √३/८, सुमारे ०.४७८. पट्ट्याची रुंदी अर्धा आणि उंची कुठेही एकाहून जास्त नाही, तेव्हा उत्तर अर्ध्याहून थोडे कमी येणारच होते.

आता हेच कोणत्याही a त्रिज्येसाठी आणि कोणत्याही x साठी करा. त्रिकोणाचा पाया x आणि उंची √(a² − x²), म्हणून क्षेत्रफळ (x/२)√(a² − x²). पाकळीचा कोन sin⁻¹(x/a), म्हणून क्षेत्रफळ (a²/२) sin⁻¹(x/a). दोन्हींची बेरीज:

(x/२)√(a² − x²) + (a²/२) sin⁻¹(x/a)

बारावी विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही ओळ ओळखीची आहे. √(a² − x²) च्या समाकलाचे हेच ते सूत्र. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते पाठ केले, परीक्षेच्या आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर दहा वेळा लिहिले. त्यातले पहिले पद एक त्रिकोण आहे आणि दुसरे पद एक पाकळी आहे. हे एकदा दिसले की सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही. विसरले तरी अर्ध्या मिनिटात चित्रातून परत उभे करता येते. वर्गात हे सूत्र फळ्यावर येते तेव्हा ते चित्र शेजारी का नसते, याची खरोखर हळहळ वाटते.

या पाकळी-त्रिकोणाच्या युक्तीचा सर्वांत नामांकित वापर आयझॅक न्यूटनने केला, आणि तोही उलट्या दिशेने. १६६५-६६ च्या सुमारास प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद होते आणि न्यूटन गावी, आईच्या घरी होता. त्या काळातल्या त्याच्या कामांपैकी एक म्हणजे π ची किंमत काढणे. त्याने १/२ त्रिज्येचे अर्धवर्तुळ घेतले, केंद्र (१/२, ०) वर, म्हणजे ते ० पासून १ पर्यंत पसरते. त्यातून त्याने ० ते १/४ एवढाच पट्टा निवडला.

भूमिती काय सांगते ते पाहू. x = १/४ पाशी वर्तुळाची उंची √३/४. केंद्रापासून त्या बिंदूपर्यंतची त्रिज्या काढली की केंद्रापाशी ६०° चा कोन होतो. ६०° ची पाकळी म्हणजे वर्तुळाचा सहावा भाग. वर्तुळाचे क्षेत्रफळ π/४, म्हणून पाकळी π/२४. पण या वेळी त्रिकोण पट्ट्याच्या बाहेर, पाकळीच्या आत पडतो, म्हणून तो वजा करायचा. त्याचा पाया १/४, उंची √३/४, क्षेत्रफळ √३/३२. तेव्हा पट्टा = π/२४ − √३/३२.

दुसरीकडे तोच पट्टा न्यूटनने स्वतःच्या द्विपद श्रेणीने मोजला, आणि तिथे पुढे न संपणारी बेरीज मिळाली: १/१२ − १/१६० − १/३५८४ − १/३६८६४ − ... पहिली चारच पदे घेतली तरी पट्ट्याचे क्षेत्रफळ ०.०७६७७७ येते. त्यात √३/३२ मिळवून २४ ने गुणले की π साठी ३.१४१७ मिळतात. आणखी पदे घेतली की अचूकता झपाट्याने वाढते. न्यूटनने १/४ ही सीमा निवडली, कारण तिथे पाकळीचा कोन नीटस येतो आणि १/४ चे वर्गमूळही साधे १/२ येते, त्यामुळे श्रेणीत करण्या उरत नाहीत. परीक्षेतला विद्यार्थी π माहीत धरून समाकल काढतो. न्यूटनने समाकल मोजून π काढला. मधली भूमिती मात्र एकच.

या रीतीची मर्यादा एका ठिकाणी आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी: चित्रातला कमानदार तुकडा खरोखर अर्धवर्तुळ आहे का? डोळा फसतो. पाया २ आणि उंची १ असलेली अन्वस्ताची कमानही घाईत अर्धवर्तुळासारखीच वाटते. तिचे क्षेत्रफळ ४/३, म्हणजे १.३३, अर्धवर्तुळाचे १.५७. फरक थोडाथोडका नाही. ओळखायचे कसे? मध्यापासून अर्धे अंतर बाजूला जाऊन उंची पाहावी. अर्धवर्तुळाची उंची तिथे ०.८७ असते, अन्वस्ताची ०.७५. शिवाय अर्धवर्तुळ अक्षाला भिडते तिथे ते पूर्ण उभे होते; अन्वस्त तिरके भिडते. चांगल्या प्रश्नपत्रिकेत म्हणूनच ‘अर्धवर्तुळ’ हा शब्द छापलेला असतो. तो नसेल तर गृहीत धरू नये.

दोन अक्षांवरचे प्रमाण वेगळे असेल तेव्हाही असाच घोटाळा होतो. समजा आडव्या अक्षावर सेकंद आणि उभ्या अक्षावर मीटर प्रति सेकंद असा वेग-काळाचा आलेख आहे. कमान ४ सेकंद चालते आणि मध्यावर वेग ६ मीटर प्रति सेकंद होतो. कागदावर प्रमाण असे निवडता येते की ती हुबेहूब अर्धवर्तुळ दिसेल. मग त्रिज्या २ धरायची की ६? एकही नाही. आकड्यांच्या दृष्टीने ते लंबवर्तुळाचे अर्धे आहे, आणि त्याचे क्षेत्रफळ π/२ गुणिले अर्धी रुंदी गुणिले उंची: π/२ × २ × ६ = ६π, म्हणजे सुमारे १८.८५ मीटर अंतर. कागदावर पट्टी लावून त्रिज्या मोजणाऱ्याचे उत्तर इथे हमखास चुकते. अक्षांवरचे आकडे वाचणाऱ्याचे चुकत नाही. आणि वेगाचा आलेख असा सुरू होणेही प्रत्यक्षात शक्य नाही. सुरुवातीला कमान पूर्ण उभी असते, म्हणजे त्या क्षणी त्वरण अमर्याद हवे, आणि असे कोणतेच वाहन नसते. वेगाच्या गणितात अर्धवर्तुळ दिसले, तर ते क्षेत्रफळ सोपे यावे म्हणून तिथे ठेवलेले असते.

उत्तर तपासण्याची एक सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्यावी. अर्धवर्तुळाच्या आत बसणारा त्रिकोण आणि बाहेरून बसणारा आयत, या दोन्हींच्या मध्ये उत्तर असलेच पाहिजे. १ त्रिज्येसाठी त्रिकोण १, आयत २. Π/२ त्यांच्या मधोमध, १.५७ वर बसतो. विद्यार्थ्याने चुकून पूर्ण वर्तुळाचा π लिहिला तर ३.१४ आयताबाहेर जातो आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

वाचकांसाठी एक आलेख. पहिला रेषाखंड (०, ०) पासून (२, २) पर्यंत. मग २ ते ६ मध्ये, केंद्र (४, २) आणि त्रिज्या २ असलेले, खाली लोंबणारे अर्धवर्तुळ, जे (४, ०) पाशी अक्षाला टेकते. शेवटी (६, २) पासून (८, −२) पर्यंत रेषाखंड. ० ते ८ चे समाकल काढा. उत्तर १० − २π, सुमारे ३.७२. ज्यांचे २ + २π, म्हणजे ८.२८ आले, त्यांनी अर्धवर्तुळाचेच क्षेत्रफळ मोजले. मोजायचे होते ते त्याच्या खाली उरलेल्या जागेचे, म्हणजे ४ × २ च्या आयतातून अर्धवर्तुळ वजा करून. आणि ज्यांचे १२ − २π, म्हणजे ५.७२ आले, त्यांनी ७ ते ८ मधला अक्षाखालचा त्रिकोण अधिक धरला.